साहेबांना मेसेज, कंपनीला मेल

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. पुण्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी तिथे बिडाची केसिंग ओतली जातात. ऑर्डर ५०० नगांची आहे आणि १८ तारखेला माल पुण्यात पोहोचायचा आहे. १४ तारखेला दुपारी मशीनवर चढवलेल्या नगांचा वरचा थर निघतो आणि आत बारीक बारीक भोकं दिसू लागतात. फाउंड्रीच्या भाषेत ब्लो होल. कोअर पुरेसा भाजला गेला नव्हता, त्यात राहिलेल्या ओलीची वाफ झाली आणि ती वितळलेल्या बिडात अडकून बसली. सगळा लॉट तपासल्यावर हिशेब निघतो: ३८० नग चांगले, १२० बाद. बाद झालेले नग पुन्हा ओतून, थंड करून, फेटलिंग आणि मशीनिंग करून द्यायचे म्हणजे आठवडा जाणार.

आता हे पुण्याला कळवायचं. तिथल्या खरेदी विभागातल्या साहेबांशी कारखानदाराची सहा वर्षांची ओळख आहे. व्हॉट्सॲपवर रोज दोन-चार मेसेज होतात, दिवाळीला शुभेच्छा जातात. एकाच माणसाला, एकाच दिवशी, एकच बातमी कारखानदाराला दोनदा लिहायची आहे: आधी मेसेजमध्ये आणि मग मेलमध्ये. हे उदाहरण कल्पित आहे, पण लहान उद्योग चालवणाऱ्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही. त्या दोन मजकुरांचा सूर कुठे वेगळा असावा आणि का, हे या प्रकरणात पाहू.

साधारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: मेसेज घरगुती, मेल औपचारिक. ते चूक नाही, पण त्यावरून लिहिताना काही कळत नाही. औपचारिक म्हणजे नेमकं काय करायचं? ‘महोदय’ लिहायचं आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ टाकायचं, एवढंच? खरा फरक वाचणाऱ्यात आहे. मेसेज साहेबांच्या खिशात जातो आणि तो बहुतेक वेळा एकटे साहेबच वाचतात. मेल साहेबांकडे जातो, पण तिथे थांबत नाही. तो प्रॉडक्शन प्लॅनिंगला पुढे जातो, क्वालिटीला जातो, कधी अकाउंट्सला जातो, आणि सहा महिन्यांनी साहेबांची बदली झाली की त्यांच्या जागी आलेला माणूस तो उघडतो. मेसेज माणसाला लिहिलेला असतो, मेल कंपनीला. सूर ठरतो तो यावरून.

पहिल्या ओळीत बातमी

पुष्कळ मेसेज असे सुरू होतात: ‘नमस्कार सर’. आणि पुढे काही नाही. लिहिणारा समोरून ‘बोला’ येण्याची वाट पाहतो. समोरासमोर भेटल्यावर हे बरोबर आहे, कारण नमस्कार घातल्यावर समोरचा मान वर करून पाहतो आणि मग आपण बोलतो. फोनच्या पडद्यावर मात्र साहेबांना मीटिंगमध्ये बसल्या बसल्या एवढंच दिसतं की कोल्हापूरहून कुणीतरी नमस्कार करतोय. ते फोन उलटा ठेवतात. दोन तासांनी ‘बोला’ येतं, तेव्हा कारखानदार भट्टीवर असतो. संध्याकाळ होते आणि बातमी अजून शिरोलीतच असते.

फोन लॉक असतानाही मेसेजच्या पहिल्या ओळी वर दिसतात. म्हणून नमस्कार आणि बातमी एकाच मेसेजमध्ये, आणि बातमी जमेल तेवढी वर:

> नमस्कार सर. १८ च्या लॉटमध्ये अडचण आलीय. ५०० पैकी १२० नगांत ब्लो होल निघाले. ३८० नग ठरल्याप्रमाणे १८ लाच पोहोचतील, बाकीचे २५ ला देतो. तुमची लाइन कुठे अडत नाही ना, तेवढं सांगा. सगळं सविस्तर संध्याकाळी मेलवर टाकतो.

हा मेसेज जरा जवळून पाहू. यात कारण नाही. कोअर, ओल, भट्टी यातलं काही नाही, कारण साहेबांना या क्षणी कारण नको असतं. त्यांना आधी हे कळायला हवं की आपली लाइन बंद पडणार का. ‘तुमची लाइन कुठे अडत नाही ना’ हा प्रश्न म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो वाचून साहेबांना कळतं की या माणसाला आपल्या अडचणीची जाणीव आहे. ‘ना’ हे एक अक्षर तिथे मोठं काम करतं. ते काढून ‘तुमची लाइन अडते का?’ असं विचारलं की काळजीची चौकशी होते.

माफी मागितलेली नाही, हेही लक्षात येईल. मेसेजमध्ये एकदा ‘सॉरी सर’ म्हटलं तर बिघडत नाही. पण काही जण तीन वेळा सॉरी आणि चार हात जोडलेली चित्रं पाठवतात. मग साहेबांवर उलटी जबाबदारी येते: आधी याची समजूत काढा आणि मग आपलं काम करा.

मेसेज एकच आहे, हाही सुराचाच भाग. हेच सहा तुकड्यांत पाठवलं असतं तर साहेबांचा फोन सहा वेळा वाजला असता, आणि पहिल्या तीन तुकड्यांपर्यंत त्यांना वाटलं असतं की सगळाच लॉट गेला. व्हॉइस मेसेजचंही तसंच. ब्लो होल कसे आले हे समजावून सांगायला तो बरा. पण मीटिंगमध्ये तो ऐकता येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ‘किती नग म्हणाला होता?’ हे शोधायला दीड मिनिटाचं बोलणं पुन्हा ऐकावं लागतं. आकडे आणि तारखा टाइपच कराव्यात.

मेल त्याच दिवशी, पण नंतर

मेसेज दुपारी जातो आणि मेल संध्याकाळी. हा क्रम सोयीपुरता नाही. मेल आधी गेला, त्यात साहेबांचे वरिष्ठ सीसीमध्ये असले, आणि साहेबांना उशिराची बातमी वरिष्ठांच्या तोंडून कळली, तर मेलमधला एकेक शब्द कितीही नम्र असो, त्याचा सूर कडूच लागतो. सहा वर्षांची ओळख असलेल्या माणसाला आधी कानात सांगायचं आणि मग कागदावर आणायचं, एवढी रीत कुणालाही कळते.

मेल असा जाऊ शकेल:

> विषय: पीओ क्र. ४५१७ – ५०० पैकी १२० केसिंग २५ तारखेला. सुधारित तारखेस मंजुरी मिळावी
>
> महोदय,
>
> वरील पीओनुसार ५०० पंप केसिंग १८ तारखेपर्यंत आपल्या पुणे येथील कारखान्यात पोहोचवण्याचे ठरले आहे. त्यांपैकी ३८० नग ठरलेल्या तारखेला पोहोचतील. उरलेले १२० नग २५ तारखेला पोहोचतील.
>
> आज, १४ तारखेला, मशीनिंगच्या वेळी काही नगांत ब्लो होल आढळले. त्यानंतर आम्ही पूर्ण लॉट तपासला. सदोष १२० नग वेगळे काढले आहेत. त्यांतला एकही नग आपल्याकडे येणार नाही. कोअर पुरेसा भाजला गेला नव्हता. ही चूक आमची आहे. नवे नग ओतण्यापूर्वी प्रत्येक बॅचमधील एक कोअर फोडून आमचे क्वालिटी इनचार्ज ओल तपासतील.
>
> १२० नगांच्या वेगळ्या वाहतुकीचा खर्च आम्ही करू.
>
> सुधारित तारखेस १६ तारखेपर्यंत मेलने मंजुरी द्यावी, ही विनंती. १८ ते २५ या काळात आपल्याला ३८० पेक्षा जास्त नग लागणार असल्यास तसे कळवावे.
>
> झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

मेसेजमध्ये जे नव्हतं ते सगळं इथे आहे: पीओचा क्रमांक, मुळात काय ठरलं होतं, कारण, उपाय, खर्च कुणाचा, आणि कुठल्या तारखेपर्यंत काय हवं. साहेबांना यातलं अर्धंअधिक आधीच माहीत आहे. मग का लिहायचं? कारण क्वालिटी विभागातला माणूस हा मेल उघडेल तेव्हा त्याने दुपारचा मेसेज वाचलेला नसेल. ‘दुपारी बोलल्याप्रमाणे’ एवढ्यावर मेल उभा केला तर तो फक्त एकाच माणसाला कळतो, आणि त्या माणसाला तो नकोच असतो.

आणखी एक गोष्ट. हा मेल साहेबांच्या उपयोगाचा आहे. लाइनला नग कमी का पडले, असं उद्या त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी विचारलं, तर त्यांना नवं काही लिहावं लागणार नाही. हाच मेल ते पुढे पाठवतील. मेलचा सूर बरोबर लागला की नाही, याची ही सगळ्यात सोपी कसोटी: ग्राहक तो एक शब्दही न बदलता पुढे पाठवू शकेल का? ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ किंवा ‘जरा सांभाळून घ्या साहेब’ असं वाक्य त्यात असेल तर तो पाठवू शकणार नाही.

एका अनुस्वाराचा फरक

मराठीत हा सूर बदलायला फार शब्द लागत नाहीत, तो क्रियापदाच्या शेपटीत असतो. मेसेजमध्ये ‘अडचण आलीय’, ‘माल निघालाय’, ‘बिल पाठवतोय’. मेलमध्ये ‘अडचण आली आहे’, ‘माल रवाना झाला आहे’, ‘बिल पाठवत आहोत’. मेसेजमध्ये ‘ठरलं’, ‘झालं’, ‘असं कळवा’. मेलमध्ये ‘ठरले’, ‘झाले’, ‘असे कळवावे’. डोक्यावरचा अनुस्वार जाऊन मात्रा आली की वाक्य उठून उभं राहतं. दोन्ही रूपं एकाच परिच्छेदात आली, तर सूट-टाय घालून पायात स्लिपर असल्यासारखं दिसतं.

मेसेजमध्ये माणूस ‘मी’ असतो आणि मेलमध्ये ‘आम्ही’. ‘बाकीचे २५ ला देतो’ हा एका माणसाचा शब्द आहे. ‘खर्च आम्ही करू’ हा कारखान्याचा. सहा वर्षांच्या ओळखीत मेसेजमध्ये ‘आम्ही आपणांस कळवू इच्छितो’ आलं, तर साहेब आधी विचारतील, ‘काय झालं? रागावलात का?’

पण या औपचारिक मराठीत दोन खड्डे आहेत, आणि चांगले लिहिणारेही त्यांत पडतात.

पहिला खड्डा ‘आपण’. मेलमध्ये आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ येतं. पण ‘आपण’चा दुसरा अर्थ ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असाही होतो. ‘फेरतपासणीचा खर्च आपण करायचा आहे’ हे वाक्य घ्या. खर्च कुणाचा? कारखानदाराच्या मनात ‘निम्मा निम्मा’ असेल, साहेब ‘सगळा आमच्यावर’ असं वाचतील. बोलताना हाताच्या इशाऱ्यावरून अर्थ कळतो, मेलला हात नसतात. जिथे पैसा, काम किंवा तारीख कुणाच्या तरी नावावर टाकायची असेल, तिथे ‘आपली कंपनी’ आणि ‘आमचा कारखाना’ असं उघड लिहावं. नम्रता ‘विनंती’ आणि ‘द्यावी’ या शब्दांत येतेच.

दुसरा खड्डा ‘करण्यात येईल’. सरकारी पत्रांतून हा प्रयोग आपल्या हाताला चिकटला आहे. ‘सदर नगांची फेरतपासणी करण्यात येईल’ हे वाक्य भारदस्त दिसतं, पण फेरतपासणी कोण करणार आणि कधी, हे त्यात नाही. ‘आमचे क्वालिटी इनचार्ज तपासतील’ या वाक्यात माणूस आहे. चुकीच्या बाबतीत हे जास्तच जाणवतं. ‘उशीर झाला आहे’ असं लिहिलं की उशीर पावसासारखा वरून पडल्यासारखा वाटतो. ‘ही चूक आमची आहे’ हे एक वाक्य लिहिलं की पुढची चार वाक्यं वाचणारा विश्वासाने वाचतो. औपचारिक होण्यासाठी कर्ता लपवावा लागत नाही.

मेसेजचेही स्वतःचे खड्डे आहेत. त्यांतला मोठा म्हणजे ‘होऊन जाईल सर’ आणि ‘बघतो’. समोर बसून म्हटलं तर या शब्दांत दिलासा असतो. लिहिलेल्या मेसेजमध्ये त्यांत फक्त तारखेचा अभाव दिसतो. ‘बघतो’ याचा अर्थ मराठीत पुष्कळदा ‘नाही’ असाच होतो, हे दोघांनाही माहीत असतं. ‘बघतो’च्या जागी ‘उद्या ११ पर्यंत सांगतो’ असं लिहिलं, तर सूर तेवढाच मोकळा राहतो आणि साहेबांना उद्याचं काहीतरी हातात मिळतं.

अचानक आलेला मेल

आता थोडं वेगळं चित्र पाहा. रोज मराठीत ‘सर, जेवण झालं का’ असं लिहिणाऱ्या पुरवठादाराकडून एका सकाळी साहेबांना इंग्रजीत मेल येतो. वर मागच्या तीन मेसेजच्या तारखा आहेत, खाली सीसीमध्ये त्यांचे वरिष्ठ. मेलमध्ये एकही वाकडा शब्द नाही. तरी साहेबांच्या मनात पहिला विचार येतो: हा आता कागद तयार करतोय.

आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत मेल इंग्रजीतच जातात आणि मेसेज मराठीत, त्यामुळे भाषा बदलण्यात स्वतःमध्ये काही गैर नाही. जाणवतो तो बदलाचा क्षण. रोजच्या व्यवहारात मेसेज आणि मेल दोन्ही चालू असतील, तर मेलने कुणी दचकत नाही. सहा महिने फक्त मेसेज आणि भांडणाच्या दिवशी पहिला मेल, असं झालं तर मेल म्हणजे नोटीस. यावर उपाय सोपा आहे. मेल पाठवण्याआधी एक ओळ: ‘सर, रेकॉर्डला असावं म्हणून हेच मेलवर टाकतोय.’ आणि भांडण नसतानाही दर ऑर्डरला एकदोन मेल करत जावेत, म्हणजे मेल ही नेहमीची गोष्ट राहते.

सीसीची जागा कोरी दिसते, पण तिच्यातूनच आवाज चढतो. एक नाव वाढवलं की तेच वाक्य जोरात ऐकू येतं. म्हणून वरिष्ठांना सीसीमध्ये घ्यायचं असेल तर साहेबांना आधी मेसेज करावा: ‘प्लॅनिंगच्या मॅडमनाही मेलमध्ये घेतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा सांगायला नको.’ हेच नाव न सांगता वाढवलं तर ती तक्रार होते, सांगून वाढवलं तर मदत.

जुन्या मराठी पत्रांत मायना असायचा. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ एवढी चार अक्षरं वाचली की लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांचं नातं काय, हे पुढचा मजकूर वाचण्याआधी कळायचं. आज मेलमध्ये ते काम विषयाची ओळ आणि सीसीमधली नावं करतात. वाचणारा मजकुराआधी त्याच दोन जागा पाहतो आणि सूर तिथेच ठरवतो.

अंगठ्याची किंमत

एक समज अजून टिकून आहे: मेसेजमधलं बोलणं तोंडी असतं, मेलमधलं तेवढं लेखी. कॅनडातल्या एका शेतकऱ्याला हा समज महाग पडला. सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य कंपनीने २०२१ मध्ये ८७ टन जवसाच्या खरेदीचा करार तयार केला, त्यावर सही केली आणि त्याचा फोटो शेतकऱ्याला फोनवर पाठवून करार पक्का करायला सांगितलं. शेतकऱ्याने उलट वर केलेला अंगठा पाठवला. पुढे जवसाचा भाव चांगलाच चढला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे ‘मेसेज मिळाला’ एवढंच. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सहीच्या जागी धरला आणि शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

या निकालात आपल्या विषयाचा एक बारकावा आहे. या दोघांमध्ये आधीही असेच व्यवहार झाले होते. तेव्हा शेतकऱ्याने ‘ओके’ किंवा ‘बरं आहे’ अशा अर्थाचे एकदोन शब्द पाठवले होते आणि माल दिला होता. न्यायालयाने अंगठ्याचा अर्थ या सवयीच्या उजेडात लावला. म्हणजे मेसेजमधल्या एखाद्या शब्दाचं वजन शब्दकोशात नसतं, त्या दोन माणसांच्या आधीच्या व्यवहारात असतं.

भारतातही मेलवरून ठरलेला करार बंधनकारक असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या खटल्यात स्पष्ट केलं. तिथे बॉक्साइटच्या पुरवठ्याच्या अटी मेलची देवाणघेवाण करून ठरल्या होत्या. व्हॉट्सॲपच्या मेसेजबद्दल त्याच न्यायालयाने २०२० मध्ये अंबालाल साराभाई एंटरप्राइजच्या प्रकरणात वेगळं मत मांडलं. हे मेसेज तोंडी बोलण्यासारखेच आहेत, त्यांचा अर्थ आणि मजकूर साक्षी-पुराव्याने सिद्ध करावा लागेल, असं ते मत. मेसेज कोर्टात येऊ शकतो. फरक इतकाच की तो आल्यावर त्याचा अर्थ काय, यावर वाद घालायला भरपूर जागा राहते.

कारखानदाराने यातून घ्यायचं ते एवढंच. साहेबांनी २५ तारीख सांगणाऱ्या मेसेजला नुसतं ‘ओके’ पाठवलं, तर ते ‘वाचलं’ आहे की ‘मान्य आहे’, हे त्याला ठाऊक नाही. ‘सर, २५ तारीख मान्य धरू ना? मेलवर एक ओळ टाकाल का?’ असं विचारायला त्याने संकोचू नये. आणि स्वतःकडून आकड्याला किंवा तारखेला अंगठा पाठवण्याऐवजी ‘वाचलं, उद्या सांगतो’ एवढे शब्द टाइप करावेत. मेसेजचा सूर हलका असू द्यावा, आकडा नाही.

पैसे मागताना

हाच फरक पैसे मागताना सगळ्यात उघड दिसतो. समजा, माल पोहोचला, स्वीकारला गेला आणि दोन महिने झाले तरी दोन बिलं अडकली आहेत. मेसेजमध्ये कारखानदार लिहितो: ‘सर, मागच्या दोन बिलांचं तेवढं बघा ना. अकाउंट्सला कुणाशी बोलू?’ दुसरा प्रश्न चांगला आहे, कारण त्यात साहेबांना दोषी न धरता पुढची वाट विचारली आहे. पैसे साहेबांच्या खिशातून येत नाहीत, अकाउंट्समधून येतात, हे त्यात मान्य केलं आहे.

मेलमध्ये ‘तेवढं बघा’ चालणार नाही. तिथे दोन्ही बिलांचे क्रमांक, तारखा, रकमा, माल मिळाल्याची जीआरएन पावती आणि देय तारीख एवढं हवं, कारण तो मेल अकाउंट्समधला असा माणूस उघडेल ज्याने कारखानदाराचं नावही ऐकलेलं नाही. आणि तिथेच, तिसऱ्या परिच्छेदात, कायद्याची आठवण बसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करारात कितीही जास्त मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं.

मेलमध्ये हे असं येऊ शकतं: ‘या कायद्यानुसार दोन्ही बिलांची ४५ दिवसांची मुदत संपली आहे. रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल, ते कळवावे.’ ही माहिती आहे, आणि अकाउंट्सच्या माणसाला ती वरच्यांना दाखवायला उपयोगी पडते. हेच वाक्य रात्री नऊ वाजता साहेबांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. शब्द तेच, पण आता ती धमकी आहे, कारण वाचणारा एकटा आहे, घरी आहे, आणि त्याच्या हातात त्या क्षणी करण्यासारखं काही नाही.

कारखान्यात परत येऊ. १६ तारखेला साहेबांचा मेल येतो: सुधारित तारीख मान्य. त्याआधी दहा मिनिटं मेसेज आलेला असतो: ‘करून टाकलं हो. आता २५ चुकवू नका.’ दोन्ही एकाच माणसाने लिहिलेले आहेत. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, की मेसेज त्यांच्याबरोबर त्यांच्या फोनमध्ये जाईल आणि मेल कंपनीत राहील. आपण आज पाठवणार असलेला मजकूर या दोहोंपैकी कुठे राहायला हवा, हे पाठवण्याआधी एकदा ठरवा. सूर त्यानंतर आपोआप लागतो.